प्रगतिपत्रकात गुण नाहीत, मग वाचायचं काय? दुसरीच्या पालकांना पत्र

प्रिय पालक,

सप्रेम नमस्कार.

या सत्राचं प्रगतिपत्रक मुलांसोबत घरी येईल, तेव्हा तुमची नजर सवयीने उजव्या कोपऱ्यातल्या एकूण गुणांकडे जाईल. तिथे काही नसेल. गुण, टक्के, वर्गातला क्रमांक यांतलं काहीच या पत्रकात नाही. त्याऐवजी प्रत्येक विषयाखाली दोन-तीन ओळी आहेत. प्रत्येक ओळीत चार रकाने आहेत आणि चारांपैकी एका रकान्याला खूण केलेली आहे. या तक्त्याला रुब्रिक म्हणतात. पहिल्यांदा पाहणाऱ्याला तो किचकट वाटतो आणि बरेच पालक ‘बरं चाललंय ना?’ एवढंच विचारून तो मिटून ठेवतात. तसं होऊ नये म्हणून पत्रक कसं वाचायचं ते इथे क्रमाने लिहिते आहे. सगळ्या ओळी समजावत बसत नाही, गणितातली एकच ओळ घेते. ती नीट वाचता आली की बाकीच्या त्याच पद्धतीने वाचता येतात.

पहिली पायरी: खूण पाहण्याआधी ओळ वाचा

डाव्या टोकाला निकष लिहिलेला असतो, म्हणजे नेमकं काय पाहिलं ते. आपण घेतलेल्या ओळीचा निकष आहे ‘दोन अंकी संख्यांची वजाबाकी’. संपूर्ण गणित नाही, फक्त वजाबाकी. त्यापुढचे चार रकाने असे आहेत:

*सुरुवात:* काड्या आणि दहाचे गठ्ठे समोर असताना, शिक्षकांनी सोबत बसून विचारत नेल्यास वजाबाकी करते.

*वाटेवर:* हातचा लागत नाही अशी वजाबाकी स्वतः करते. हातच्याची काही उदाहरणं सोडवते, पण ठरावीक ठिकाणी अडते किंवा आठवण करून द्यावी लागते.

*अपेक्षित:* हातच्याची वजाबाकी स्वतः करते, एककाच्या जागी शून्य असलं तरीही. दशकाच्या जागचा अंक एकाने कमी का झाला ते सांगू शकते.

*अपेक्षेपुढे:* आलेलं उत्तर बेरजेने स्वतः तपासते. वजाबाकी कुठे लागेल हे गोष्टीतल्या प्रसंगावरून ओळखते आणि तसं उदाहरण स्वतः तयार करते.

चारही रकाने वाचा, खूण एकाच ठिकाणी असली तरी. खूण केलेल्या रकान्यातलं वाक्य मूल आज काय करतं ते सांगतं आणि त्याच्या उजवीकडचं वाक्य आता पुढे काय यायला हवं ते सांगतं. दोन्ही वाक्यं शेजारी ठेवली की पुढचं काम कळतं. ‘गणितात ६८ गुण’ एवढ्यावरून ते कळत नाही.

या चार वाक्यांत ‘छान’, ‘बरी’, ‘कच्ची’ असे शब्द नाहीत, हेही पाहा. ते मुद्दाम टाळले आहेत. ‘उत्तम, चांगले, साधारण, असमाधानकारक’ असे चार शब्द छापून त्याखाली काहीच वर्णन नसेल, तर तो तक्ता रुब्रिकसारखा दिसतो एवढंच. तिथे गुणांची जागा शब्दांनी घेतलेली असते. थोरल्या भावंडाचं दुसऱ्या शाळेचं पत्रक घरी असेल तर ताडून पाहा. मूल काय करतं हे वाक्यात लिहिलेलं असेल तर ते वर्णन, नसेल तर तो निव्वळ शेरा.

दुसरी पायरी: अपेक्षा कधीची, ते तपासा

सगळ्यात जास्त गैरसमज इथे होतात. ‘अपेक्षित’ म्हणजे आज अपेक्षित, की वर्ष संपताना अपेक्षित? दोन्ही प्रकारची पत्रकं असतात आणि खूण एकच असली तरी अर्थ पार बदलतो. आपल्या पत्रकाच्या माथ्यावर लिहिलं आहे, ‘वर्षअखेरच्या अपेक्षेनुसार’. त्यामुळे पहिल्या सत्रात बहुतेक ओळींवर ‘वाटेवर’ ही खूण असणं स्वाभाविक आहे. मूल अर्ध्या वर्षानंतर अर्ध्या वाटेवर आहे, इतकाच त्याचा अर्थ. वजाबाकी या सत्रात शिकवून पूर्ण झाली, म्हणून त्या ओळीवर काही मुलांना आताच ‘अपेक्षित’ मिळालं आहे. लेखन वर्षभर चालणार आहे, तिथे जवळजवळ कोणालाच मिळालेलं नाही.

पत्रक ‘सत्राच्या अपेक्षेनुसार’ असेल तर हिशोब उलटा होतो. तिथे प्रत्येक सत्रात अपेक्षाही वर सरकते. मूल पहिल्या सत्रात ‘अपेक्षित’ होतं आणि दुसऱ्यातही ‘अपेक्षित’च राहिलं, तर ते जागच्या जागी राहिलं असं नाही; वाढत्या अपेक्षेबरोबर तेही वाढलं. शाळा बदलून आलेल्या मुलांच्या पालकांनी हे जरूर पाहावं, नाहीतर जुन्या पत्रकातलं ‘अपेक्षित’ आणि आमचं ‘वाटेवर’ शेजारी ठेवून उगाच धसका बसतो.

तिसरी पायरी: खूण कशावरून केली, ते समजून घ्या

आता दोन मुली घेऊ. दोघी दुसरीतल्या. सत्रभरात वजाबाकीच्या चार पानांवर त्यांनी काम केलं. प्रत्येक पानावर आठ उदाहरणं होती: चार बिनहातच्याची, दोन साध्या हातच्याची, आणि दोन अशी की वरच्या संख्येत एककाच्या जागी शून्य.

पहिल्या मुलीची बरोबर आलेली उदाहरणं पानागणिक अशी: ३, ५, ७, ८. दुसरीची अशी: ६, ६, ६, ५. बेरीज करून पाहा. दोघींचे २३, तेही ३२ पैकी. जुन्या पद्धतीत दोघींना सारखेच गुण, साधारण ७२ टक्के, आणि दोन्ही घरांत सारखंच समाधान.

आता वह्या उघडू. पहिल्या मुलीने पहिल्या पानावर ५२ − २७ चं उत्तर ३५ लिहिलं होतं. ही चूक दरवर्षी दिसते आणि ती निष्काळजीपणाची नसते. दोनातून सात जात नाहीत हे मुलाला दिसतं, मग ते सातातून दोन वजा करून पाच लिहितं. पाचातून दोन गेले तीन. मुलाने प्रत्येक जागी मोठ्या अंकातून लहान अंक वजा करायचा असा स्वतःचा एक नियम केलेला असतो आणि तो नियम ते इमाने इतबारे पाळत असतं. नियम सापडेपर्यंत कितीही उदाहरणं दिली तरी तीच चूक पक्की होत जाते. आम्ही तिला काड्यांचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या देऊन सत्तावीस काड्या मागितल्या. सात सुट्या निघेनात, तेव्हा तिने आपणहून एक गठ्ठा सोडला. आता चार गठ्ठे आणि बारा सुट्या. बारातून सात गेल्या, पाच उरल्या. चार गठ्ठ्यांतून दोन गेले, दोन उरले. पंचवीस. त्यानंतरच्या पानावर हातच्याचं एक उदाहरण जमलं, पुढच्या पानावर तीन, आणि शेवटच्या पानावर आठच्या आठ. शेवटी तोंडी विचारलं, ‘पाचाचे चार कसे झाले?’ ती म्हणाली, ‘एक गठ्ठा फोडला ना, त्याच्या काड्या इकडे आल्या.’ तिची खूण ‘अपेक्षित’वर आहे.

दुसऱ्या मुलीची पहिली तीन पानं सारखीच दिसतात. बिनहातच्याची चारही बरोबर, साध्या हातच्याची दोन्ही बरोबर, आणि शून्याची दोन्ही चूक. ५० − २३ चं उत्तर प्रत्येक वेळी ३३, खरं उत्तर २७. शून्यातून काही घेताच येत नाही, मग खालचे तीन तसेच उतरवायचे, असा तिचा नियम. चौथ्या पानावर घाईत बेरीज केल्यामुळे आणखी एक चुकलं, त्याला फारसा अर्थ नाही. तिची खूण ‘वाटेवर’ आहे आणि खाली शेऱ्यात लिहिलं आहे: ‘एककाच्या जागी शून्य असताना दशक सुटा करायचा राहतो.’

म्हणजे खूण सरासरीवरून ठरत नाही. सत्राच्या शेवटी शेवटी मूल जे सातत्याने करून दाखवतं, त्यावरून ठरते. पहिल्या मुलीच्या सुरुवातीच्या तीन गुणांचं ओझं तिच्या डोक्यावर सत्रभर ठेवण्यात काही हशील नाही. ती चूक आता ती करतच नाही. एखाद्या दिवशी आठही बरोबर आली म्हणूनही खूण पुढे सरकत नाही. वेगवेगळ्या दिवशी, निदान दोन-तीनदा आणि शक्यतो एकदा तोंडी, असं पाहूनच आम्ही रकाना ठरवतो.

चौथी पायरी: खुणांचे गुण करू नका

पालकसभेत एक प्रश्न हमखास येतो: ‘बाई, चारातला तिसरा रकाना म्हणजे पंचाहत्तर टक्के ना?’ नाही. रकाने एकामागून एक येतात, पण त्यांच्यातलं अंतर सारखं नसतं. ‘सुरुवात’कडून ‘वाटेवर’ यायला दोन आठवडे पुरतील आणि ‘वाटेवर’कडून ‘अपेक्षित’ व्हायला अख्खं सत्र लागेल. तिसऱ्या रकान्याचं वाक्य वाचा: वर्षअखेरीस जे यायला हवं ते मुलाला आलं आहे. त्यात पंचवीस टक्के उणे कुठे आहे?

ओळींची बेरीजही करू नका. ‘वजाबाकी’ची खूण अधिक ‘प्रकट वाचना’ची खूण भागिले दोन, याला काही अर्थ नाही. वाचनाच्या ओळी आम्ही मुद्दाम दोन केल्या आहेत, एक ओघाची आणि एक अर्थ समजण्याची. एखादं मूल धडा घडाघडा वाचतं, पण ‘त्याने दार का उघडलं नाही?’ विचारलं की गप्प बसतं. दुसरं अडखळत वाचतं आणि उत्तर अचूक देतं. या दोघांची सरासरी काढली की दोघंही ‘वाचन साधारण’ होतात आणि दोघांचंही नुकसान होतं.

चौथ्या रकान्याबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण काही घरांत तोच खरा रकाना मानला जातो. ‘अपेक्षेपुढे’ म्हणजे तिसरीचा अभ्यास आधीच उरकणं नव्हे. तीन अंकी वजाबाकी रीतीने करून दाखवणारं मूल दुसऱ्या रकान्यातही असू शकतं, कारण रीत पाठ असते आणि गठ्ठा का सोडला ते सांगता येत नाही. चौथा रकाना त्याच गोष्टीची खोली पाहतो. तिथे खूण नसणं ही उणीव नाही. माझ्या मते या वयात प्रत्येक ओळीवर चौथा रकाना गाठायचा आग्रह धरणं हे पुन्हा पैकीच्या पैकी गुण मागण्यासारखंच आहे.

पाचवी पायरी: सवयींचा तक्ता वेगळा वाचा

शेवटच्या पानावर एक छोटा तक्ता आहे: वेळेवर काम पूर्ण करणे, गटात ऐकून घेणे, साहित्य नीट ठेवणे. गृहपाठ चारदा राहिला तर त्याची नोंद या तक्त्यात होते, वजाबाकीच्या ओळीत होत नाही. पूर्वी दोन्हींचे गुण एकत्र व्हायचे आणि कळायचंच नाही की मुलाला येत नाही, की येतं पण वही घरी राहते. दोन्हींवरचे उपाय अगदी वेगळे आहेत.

एखाद्या ओळीवर कुठेच खूण नसेल आणि ‘नोंद नाही’ लिहिलं असेल, तर मूल त्यात मागे आहे असं समजू नका. ते आजारी होतं, उशिरा दाखल झालं किंवा तो भाग अजून शिकवून झालेला नाही. खात्रीने सांगण्याइतकं काम हातात नसताना खूण करण्यापेक्षा जागा रिकामी ठेवलेली बरी.

तक्ता कुठे कमी पडतो

तक्त्यातली वाक्यं माणसांनीच लिहिलेली आहेत आणि खुणाही माणसंच करतात. दोन रकान्यांच्या सीमेवर असलेल्या मुलाला एक शिक्षिका ‘वाटेवर’ म्हणेल आणि दुसरी ‘अपेक्षित’. हा फरक कमी व्हावा म्हणून आम्ही दोन्ही तुकड्यांच्या शिक्षिका काही वह्या नाव झाकून एकत्र तपासतो. फरक कमी होतो, संपत नाही. म्हणून एका रकान्याच्या फरकावरून दोन मुलांची तुलना करण्यात अर्थ नाही. भावंडांची तर मुळीच नाही.

पत्रक पाहूनच शंका यावी अशी काही लक्षणंही सांगते. वरपासून खालपर्यंत सगळ्या ओळींना एकच रकाना मिळाला असेल तर विचारा. कुठलंच मूल सगळ्या गोष्टींत सारखंच नसतं. तशी पट्टी दिसली तर शिक्षकांनी एकूण मत बनवून खुणा केल्या असण्याची शक्यता असते. वळणदार अक्षराच्या मुलाला आशयाच्या ओळीतही वरचा रकाना मिळाला असेल तर तेही विचारण्यासारखं आहे, कारण सुंदर अक्षर तपासणाऱ्याला भुलवतं. आणि शेरा ‘अजून सराव हवा’ एवढाच असेल तर कशाचा सराव, हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. शून्याच्या उदाहरणांवर अडणाऱ्या मुलीकडून बिनहातच्याची शंभर उदाहरणं करून घेतली तर शंभरही बरोबर येतील आणि अडचण जिथल्या तिथे राहील.

आणखी एक मर्यादा बोलक्या आणि अबोल मुलांची. ‘सांगू शकते’ असं वाक्यात असलं की अबोल मूल मागे पडतं. अशा मुलांना आम्ही चित्र काढून किंवा काड्या मांडून दाखवायला सांगतो. तुमचं मूल घरी भरभरून समजावतं आणि पत्रकात ‘कारण सांगत नाही’ असं असेल, तर आम्हाला सांगा. ती माहिती आमच्याकडे नसते.

भेटीला येताना

भेट दहा मिनिटांची असते. सगळ्या ओळींवर बोलायला गेलो तर एकीवरही धड बोलणं होणार नाही. आदल्या दिवशी पत्रक वाचून एकच ओळ निवडा, जिथे तुम्हाला आश्चर्य वाटलं किंवा पटलं नाही. आल्यावर दोन गोष्टी मागा: ही खूण कोणत्या कामावरून केली ते पान दाखवा आणि पुढच्या रकान्यात जायला नेमकं काय दिसायला हवं ते सांगा. पहिल्याचं उत्तर म्हणून वही उघडली जायला हवी. आम्ही वही न उघडता नुसतं ‘हुशार आहे, पण लक्ष देत नाही’ असं म्हणायला लागलो, तर आम्हाला थांबवून पुन्हा पान मागा.

घरी काय करायचं तेही त्या ओळीतूनच निघतं. शून्याशी अडणाऱ्या मुलीच्या घरी काड्यापेटीतल्या काड्या, गुल काढून, दहा-दहाच्या गठ्ठ्यांत रबराने बांधा. पाच गठ्ठे समोर ठेवा, सुटी एकही नको, आणि तेवीस काड्या मागा. रीत सांगू नका, गठ्ठा सोडायला सुचवूही नका. ती हात घालीपर्यंत थांबा. गठ्ठा सुटल्यावर आता किती गठ्ठे आणि किती सुट्या, एवढंच विचारा, आणि मग तेच उदाहरण कागदावर मांडायला सांगा. रोज दोन-तीन उदाहरणं पुरतात. तीन-चार दिवस ओळीने काड्यांशिवाय बरोबर आलं की काड्या बाजूला ठेवा. आठवडाभरात काहीच बदललं नाही तर वहीत दोन ओळींची चिठ्ठी पाठवा, म्हणजे वर्गात आम्ही वेगळ्या बाजूने पाहू.

मुलासमोर रकान्यांची नावं शक्यतो घेऊ नका. ‘तू वाटेवर आहेस’ हे सात वर्षांच्या मुलाला काहीच सांगत नाही आणि ‘शेजारचा अपेक्षित आहे’ हे फार जास्त सांगतं. रकान्यातलं वाक्य सांगा: ‘तुला हातच्याची वजाबाकी येते. आता शून्य आलं तर काय करायचं, ते बघू या.’

पत्रकाची खालची पट्टी सही करून कापून पाठवायची आहे. तिच्यावर तुम्ही निवडलेल्या ओळीचा क्रमांक लिहा, म्हणजे त्या ओळीची पानं मी भेटीआधी काढून ठेवीन.

आपली,
वर्गशिक्षिका, इयत्ता दुसरी